"वेबसाइट चालत नाहीये" असं लिहू नका: डेव्हलपरला बग कळवणारा ईमेल कसा लिहायचा



आज एकच ईमेल शिकायचा आहे. वेबसाइटवर काहीतरी बिघडलंय आणि ते डेव्हलपरला असं कळवायचंय की पहिल्याच ईमेलमध्ये त्याला नेमकं कळेल. आधी एक किस्सा सांगतो, मग त्यातूनच ईमेल बांधू.

आमच्या बॅचमधल्या एक ताई सांगलीहून दिवाळी फराळाचे बॉक्स विकतात. एका बॉक्सची किंमत 850 रुपये. वेबसाइट एका फ्रीलान्स डेव्हलपरकडून करून घेतलेली. दिवाळीला तीन आठवडे उरले असताना रविवार ते बुधवार या चार दिवसांत पाच ग्राहकांचे फोन आले, "ताई, ऑर्डर होत नाहीये." फोन करणारे पाच होते. फोन न करता सरळ दुसरीकडून घेणारे किती, ते कोण सांगणार?

ताईंनी घाईघाईत डेव्हलपरला हा मेसेज पाठवला:

"सर, वेबसाइट मोबाइलवर चालत नाहीये. ग्राहक परत जातायत. अर्जंट बघा प्लीज."

डेव्हलपरने स्वतःच्या फोनवर साइट उघडली, एक टेस्ट ऑर्डर केली, ती व्यवस्थित झाली. उत्तर आलं, "माझ्याकडे चालतंय." ताईंनी पुन्हा लिहिलं, "नाही हो, मोबाइलवर प्रॉब्लेम आहे." मग त्याने दोन दिवस मोबाइलचं डिझाइन तपासलं, एक बटण मोठं केलं. फोन यायचे थांबले नाहीत.

यात डेव्हलपर कामचुकार नव्हता आणि ताई खोटं बोलत नव्हत्या. "मोबाइलवर चालत नाही" हे ताईंनी पाहिलेलं नव्हतं, तो त्यांचा अंदाज होता. फोन करणारे पाचही जण मोबाइलवर होते, म्हणून प्रॉब्लेम मोबाइलचाच असणार असं त्यांनी धरलं. आणि तो अंदाज चुकीचा होता. खरं काय होतं ते पुढे येईलच.

डेव्हलपरला काय हवं असतं?

एकच गोष्ट: तो बिघाड त्याला त्याच्या स्क्रीनवर घडवून बघता आला पाहिजे. एकदा डोळ्यांसमोर बिघाड झाला की कोडमध्ये कुठे शोधायचं ते त्याला कळतं. झालाच नाही तर तो अंधारात चाचपडतो. म्हणून ईमेलमधली प्रत्येक ओळ "हे वाचून त्याला तोच बिघाड घडवता येईल का?" या कसोटीवर तपासायची. "अर्जंट", "खूप नुकसान होतंय" या ओळी खऱ्या असल्या तरी त्यातून बिघाड घडवता येत नाही. त्या शेवटी एका वाक्यात पुरे.

ईमेल लिहिण्याआधी: अर्धा तास स्वतः शोधा

आम्ही ताईंना म्हटलं, आधी तुम्ही स्वतः बिघाड घडवून दाखवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायचं. पेमेंटचं पान उघडलं की ऑर्डर "झाली" असं धरायचं आणि तिथून मागे यायचं, म्हणजे पैसे कापले जात नाहीत.

त्यांच्या वहीत पहिल्या तीन नोंदी अशा होत्या:

1. लॅपटॉप, क्रोम, स्वतःचा सांगलीचा पत्ता. पेमेंटचं पान उघडलं.
2. स्वतःचा फोन, क्रोम, तोच पत्ता. उघडलं.
3. तोच फोन, क्रोमची इन्कॉग्निटो विंडो, तोच पत्ता. उघडलं.

म्हणजे मोबाइलवर सगळं चालत होतं. इथे बरेच जण "आता आपोआप नीट झालं वाटतं" म्हणून सोडून देतात. ताईंनी सोडलं नाही. त्यांनी ठाण्याच्या एका ग्राहक ताईंना फोन लावला आणि विचारलं, "तुम्ही नेमकं काय काय केलंत, पहिल्यापासून सांगता का?"

त्या म्हणाल्या, "पुण्याला नणंदेकडे बॉक्स पाठवायचा होता. तिचा पत्ता व्हॉट्सॲपवर आला होता. तो अख्खा कॉपी केला. पत्त्याच्या रकान्यात टाकला. मग पिनकोडच्या रकान्यात पण तोच टाकला आणि पुढचं सगळं खोडून फक्त नंबर ठेवला. तरी लाल अक्षरात चूक दाखवतंय. नंबर तर बरोबर आहे!"

ताईंनी स्वतःच्या फोनवर तसंच करून पाहिलं. "कोथरूड, पुणे 411038" असा मजकूर पिनकोडच्या रकान्यात पेस्ट केला आणि "कोथरूड, पुणे" एवढं खोडलं. रकान्यात दिसत होतं 411038, आणि खाली लाल अक्षरात Please enter a valid pincode. पहिल्यांदाच बिघाड त्यांच्या हातात आला.

मग आणखी दोन नोंदी:

4. लॅपटॉपवर तसंच पेस्ट करून पुढचं खोडलं. तीच चूक.
5. रकाना पूर्ण रिकामा करून 411038 हाताने टाइप केलं. पेमेंटचं पान उघडलं.

बघा, चौथ्या नोंदीने "मोबाइलचा प्रॉब्लेम" हा अंदाज खोटा ठरवला. फरक फोन आणि लॅपटॉपचा नव्हताच. हाताने टाइप केलं की चालतं, पेस्ट करून खोडलं की चालत नाही, हा फरक होता. "पुणे" खोडलं तरी त्यापुढची मोकळी जागा, म्हणजे स्पेस, शिल्लक राहत होती. ती डोळ्यांना दिसत नव्हती, पण वेबसाइट ती सातवं अक्षर म्हणून मोजत होती.

डेव्हलपरने स्वतःच्या फोनवर नंबर हाताने टाइप केला होता, त्यामुळे त्याला चूक दिसणं शक्यच नव्हतं. आणि दिवाळीत जे नातेवाइकांना बॉक्स पाठवतात, त्यांच्याकडे पत्ता व्हॉट्सॲपवरच आलेला असतो. म्हणजे नेमके भेट पाठवणारे ग्राहक अडकत होते.

आता ईमेल

ताईंनी पाठवलेला दुसरा ईमेल हा. वेबसाइटचा पत्ता बदलला आहे, बाकी तसाच.

> विषय: चेकआउट: पिनकोड पेस्ट केला की बरोबर असूनही चूक दाखवते, ऑर्डर पुढे जात नाही
>
> नमस्कार सर,
>
> चेकआउटच्या पानावर दुसरीकडून कॉपी केलेला पिनकोड घेतला जात नाही. हाताने टाइप केला तर घेतला जातो.
>
> पान: https://example.com/checkout
>
> कसं करून बघायचं:
> 1. फराळाचा कोणताही एक बॉक्स कार्टमध्ये टाका आणि चेकआउटवर जा.
> 2. नाव, फोन, पत्ता नेहमीसारखा भरा.
> 3. "कोथरूड, पुणे 411038" हा मजकूर इथूनच कॉपी करून पिनकोडच्या रकान्यात पेस्ट करा.
> 4. रकान्यातलं "कोथरूड, पुणे" एवढं खोडा. 411038 राहू द्या.
> 5. Place Order दाबा.
>
> काय होतं: रकान्याखाली लाल अक्षरात Please enter a valid pincode येतं. पेमेंटचं पान उघडत नाही.
>
> काय व्हायला हवं: पिनकोड टाइप केलेला असो की पेस्ट केलेला, सहा आकडे बरोबर असतील तर पेमेंटचं पान उघडलं पाहिजे.
>
> किती वेळा: 5 पैकी 5 वेळा. हाताने टाइप केल्यावर 3 पैकी 3 वेळा ऑर्डर पुढे गेली.
>
> कुठे तपासलं: अँड्रॉइड 13 फोन, क्रोम. विंडोज 11 लॅपटॉप, क्रोम. दोन्हीकडे हेच होतं. आयफोनवर तपासलेलं नाही.
>
> कधीपासून: पहिली तक्रार रविवारी आली. त्याआधी असं होत होतं का, माहीत नाही.
>
> सोबत: 1 स्क्रीनशॉट, 40 सेकंदांचं स्क्रीन रेकॉर्डिंग.
>
> माझा अंदाज: खोडल्यावर आकड्यांच्या आधी एक स्पेस राहते, त्यामुळे असं होत असेल. तुम्ही तपासून बघा.
>
> नातेवाइकांना बॉक्स पाठवणारे ग्राहक यात अडकत आहेत. शुक्रवारपर्यंत होईल का, ते कळवाल का?
>
> धन्यवाद.

याला उत्तर तासाभरात आलं: "दिसलं. करतो." आता यातला एकेक भाग बघू.

विषयाची ओळ. "अर्जंट" किंवा "वेबसाइट प्रॉब्लेम" असा विषय असेल तर महिन्याभराने तो ईमेल शोधून सापडत नाही. कुठे, काय केल्यावर, काय होतं, एवढं विषयात असू द्या. आणि एका ईमेलमध्ये एकच बग. पिनकोडसोबत "लोगो पण जरा मोठा करा" लिहिलंत तर लोगो मोठा होऊन येईल आणि पिनकोड राहून जाईल. लोगो मोठा करणं हा बदल आहे, बिघाड नाही. त्यासाठी वेगळा ईमेल लिहा, कदाचित त्याचे पैसेही वेगळे पडतील.

पायऱ्या. एका पायरीत एकच कृती. पहिली पायरी अशी हवी की जिथून कोणीही सुरुवात करू शकेल. पेस्ट करायचा मजकूर ताईंनी ईमेलमध्येच दिला, हे फार महत्त्वाचं. त्यांनी फक्त "पिनकोड पेस्ट करा" लिहिलं असतं, तर डेव्हलपरने नुसता 411038 कॉपी केला असता, स्पेस आली नसती आणि पुन्हा "माझ्याकडे चालतंय" झालं असतं. पायऱ्या लिहून झाल्या की घरातल्या कोणाला तरी वाचायला द्या आणि आपण काही न बोलता बाजूला बसा. ती व्यक्ती जिथे अडेल तिथे तुमची एक पायरी सुटलेली आहे.

काय होतं आणि काय व्हायला हवं. या दोन ओळी वेगवेगळ्या लिहायच्या. चुकीचा मेसेज स्क्रीनवर जसा आहे तसाच, त्याच अक्षरांत उतरवा. त्याचं मराठी करू नका. डेव्हलपर तेच शब्द कोडमध्ये शोधतो आणि थेट त्या जागी पोहोचतो. "काय व्हायला हवं" हे बरेच जण गाळतात, कारण ते उघडच आहे असं वाटतं. पण ते उघड नसतं. डेव्हलपरने "पेस्ट करू नका, टाइप करा" अशी सूचना तिथे लावली असती तरी त्याच्या मते काम झालं असतं! ताईंना सूचना नको होती, ऑर्डर पुढे जायला हवी होती. ते त्यांनी लिहिलं.

डिव्हाइस. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडचं किंवा आयफोनचं व्हर्जन आणि ब्राउझर, या तीन गोष्टी द्या. अँड्रॉइडवर Settings मध्ये About phone, आयफोनवर Settings, मग General, मग About इथे पहिल्या दोन मिळतात. क्रोमचं व्हर्जन क्रोमच्याच Settings मध्ये About Chrome इथे असतं. ताईंनी मॉडेल लिहिलं नाही ते इथे खपून गेलं, कारण दोन वेगळ्या यंत्रांवर तोच बिघाड होता. पण पान वाकडं दिसतंय, बटण झाकलं जातंय असा बिघाड असेल तर मॉडेल लागतंच, कारण स्क्रीनची रुंदी त्यावरून कळते.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. इन्स्टाग्रामवरच्या लिंकवर दाबून ग्राहक आला, तर पान बहुतेक वेळा इन्स्टाग्रामच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडतं, क्रोममध्ये नाही. काही बिघाड फक्त तिथेच होतात. म्हणून ग्राहकाला विचारा, "लिंक कुठून उघडलीत?"

आणि जे तपासलं नाही, ते तपासलं नाही असंच लिहा. "आयफोनवर तपासलेलं नाही" ही ओळ डेव्हलपरला उपयोगी आहे. "सगळीकडे होतंय" ही नाही.

स्क्रीनशॉट. अख्ख्या स्क्रीनचा घ्या. वरची पत्त्याची पट्टी आणि वेळ दिसली पाहिजे, फक्त लाल अक्षरं कापून पाठवू नका. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात. ईमेलला जोडा, किंवा व्हॉट्सॲपवरच पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. समोरच्या मॉनिटरचा फोनने काढलेला फोटो नको. विंडोजवर Windows, Shift आणि S ही बटणं एकत्र दाबली की स्क्रीनशॉट घेता येतो.

ग्राहकाने पाठवलेला स्क्रीनशॉट पुढे पाठवताना त्यांचं नाव, फोन आणि पत्ता झाका. पेमेंटच्या पानाचा असेल तर कार्डचे आकडेही. आणि ॲडमिनचा पासवर्ड ईमेलमध्ये लिहू नका, डेव्हलपरने मागितला तरी. त्याच्यासाठी वेगळं लॉगिन तयार करून द्या.

पण लक्षात घ्या, आपल्या या बगमध्ये नुसता स्क्रीनशॉट पुरला नसता. त्यात 411038 अगदी बरोबर दिसतं, कारण स्पेस दिसतच नाही. "आधी काय केलं" यावर बिघाड अवलंबून असेल तेव्हा स्क्रीन रेकॉर्डिंग करा. बऱ्याच नव्या फोनमध्ये वरून पट्टी खाली ओढली की त्याचं बटण असतं. मिनिटभराच्या आत ठेवा आणि सुरू करण्याआधी बाकीचे मेसेज बंद करा.

अंदाज वेगळा, शेवटी. अंदाज लिहायला हरकत नाही, पण "माझा अंदाज" असं म्हणून. पहिल्या मेसेजमध्ये ताईंनी अंदाज खरी गोष्ट म्हणून लिहिला आणि दोन दिवस गेले.

दुरुस्ती आली, पुढे काय?

डेव्हलपरने एक ओळ घातली. आकड्यांच्या आधीची आणि नंतरची स्पेस ती काढून टाकते:

```
pincode = pincode.trim();
```

ताईंनी तपासताना दोन गोष्टी नीट केल्या. एक, इन्कॉग्निटो विंडोत तपासलं. ब्राउझर जुन्या फाइल्स साठवून ठेवतो, त्यामुळे दुरुस्ती होऊनही आपल्याला जुनंच पान दिसू शकतं आणि उगाच "अजून होत नाहीये" असं लिहिलं जातं. दोन, ईमेलमधल्या त्याच पाच पायऱ्या पुन्हा केल्या. पेमेंटचं पान उघडलं.

मग त्यांच्या मनात आलं, आपल्याकडे कितीतरी लोक पिनकोड तीन आकड्यांनंतर जागा सोडून लिहितात, 411 038 असा. तोही पेस्ट करून पाहिला. पुन्हा लाल अक्षरं! कारण वरची ओळ फक्त दोन्ही टोकांची स्पेस काढते, मधली नाही. त्यांनी नवा ईमेल काढला नाही. त्याच ईमेलला उत्तर दिलं: "पायऱ्या 1 ते 5 आता बरोबर चालतात. पण पायरी 3 मध्ये 411 038 पेस्ट केलं की तीच चूक येते." डेव्हलपरने त्या ओळीच्या जागी ही घातली, जी कुठलीही स्पेस काढते:

```
pincode = pincode.replace(/\s/g, "");
```

हे दुसरं काम आहे का, याचे पैसे पडणार का, असा वाद झाला नाही. "टाइप केलेला असो की पेस्ट केलेला, सहा आकडे बरोबर असतील तर" हे पहिल्या ईमेलमध्येच लिहिलेलं होतं.

बिघाड कधी होतो, कधी नाही, असं असेल तर?

पायऱ्या करूनही दर वेळी होत नसेल तर ते लपवू नका. "10 पैकी 4 वेळा" असं मोजून लिहा. प्रत्येक वेळची तारीख आणि घड्याळातली वेळ मिनिटापर्यंत द्या. सर्व्हरवर बहुतेक वेळा येणाऱ्या विनंत्यांची नोंद होत असते आणि डेव्हलपर त्या वेळेवरून ती नोंद शोधू शकतो. पैसे कापले गेले पण ऑर्डर आली नाही अशी तक्रार असेल, तर ग्राहकाकडून रक्कम, वेळ आणि ट्रान्झॅक्शन आयडी घ्या. यूपीआय पिन किंवा ओटीपी मात्र कधीच मागू नका.

हा साचा कॉपी करून ठेवा

> विषय: (कोणतं पान): (काय केल्यावर) (काय होतं)
> पान:
> कसं करून बघायचं: 1. 2. 3.
> काय होतं:
> काय व्हायला हवं:
> किती वेळा:
> कुठे तपासलं (फोन, व्हर्जन, ब्राउझर, लिंक कुठून उघडली):
> कधीपासून:
> सोबत:
> माझा अंदाज:
> कधीपर्यंत हवं आणि का:

आजचा गृहपाठ: तुमच्या वेबसाइटवर व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेला पत्ता, पिनकोड आणि मोबाइल नंबर पेस्ट करून एक ऑर्डर पेमेंटच्या पानापर्यंत नेऊन बघा. मोबाइल नंबर +91 सकट पेस्ट करा, तिथेही बऱ्याच साइट्स अडतात. अडली, तर वरचा साचा भरा आणि पाठवा.